एकाच कॉलमचं प्रमाण विचलन दोन जागी वेगळं येतं: STDEV.S घ्यायचं की STDEV.P?

मार्च-एप्रिलमध्ये लघुप्रबंध जमा करायचे दिवस आले की एकच तक्रार माझ्याकडे फिरून फिरून येते. सर्व्हेचे आकडे तेच, प्रश्न तोच, सरासरीसुद्धा तीच. पण प्रमाण विचलन विद्यार्थ्याच्या शीटमध्ये एक आणि गाईडच्या कॉम्प्युटरवर दुसरं. मग डेटा एंट्री पुन्हा तपासली जाते, फॉर्मचे गठ्ठे पुन्हा सोडले जातात, आणि दोन दिवसांनी कळतं की एंट्रीत चूक नव्हतीच.

यंदा समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आली. विषय कोल्हापुरी चप्पल बनवणाऱ्या कारागिरांचा. मुख्य सर्व्हेआधी तिनं सुभाषनगर भागातल्या दहा कारागिरांकडून प्रश्नावली भरून घेतली होती. त्यातलं एक विधान होतं, "व्यापाऱ्याकडून मालाचे पैसे ठरलेल्या वेळेत मिळतात", आणि उत्तर १ म्हणजे पूर्ण असहमत ते ५ म्हणजे पूर्ण सहमत. ती म्हणाली, "सर, मॅडमनी परत पाठवलंय. त्यांचं एक पॉइंट शून्य पाच येतंय, माझं बरोब्बर एक. आकडे तर तेच हायत, मी तीन वेळा बघितले."

आकडे खरंच तेच होते: ५, ४, ४, ३, ५, २, ४, ५, ५, ३. बेरीज ४०, सरासरी ४. प्रत्येक उत्तरातून ४ वजा करून वर्ग केले आणि बेरीज केली की १० येते. वाट फुटते ती इथून पुढे. ही १० ची बेरीज १० नं भागली तर १, आणि त्याचं वर्गमूळ १. तीच बेरीज ९ नं भागली तर १.११११, आणि वर्गमूळ १.०५४१. तिनं पहिलं केलं होतं, मॅडमच्या एसपीएसएसनं दुसरं.

```
=STDEV.P(B2:B11)   1.0000
=STDEV.S(B2:B11)   1.0541
```

n म्हणजे आलेल्या उत्तरांची संख्या. पहिलं फंक्शन n नं भागतं, दुसरं n−१ नं. जुन्या शीटमध्ये यांचीच `STDEVP` आणि `STDEV` ही नावं दिसतात. नुसतं `STDEV` म्हणजे नमुन्याचं, n−१ वालं. तिनं `.P` का निवडलं हे विचारलं तर म्हणाली, "पी म्हणजे पॉप्युलेशन ना सर? मी माझ्या यादीतल्या सगळ्यांनाच विचारलंय." या उत्तरातच सगळा गुंता आहे, त्याकडे पुढे येतो. आधी तपासणी.

फरक फंक्शनचाच आहे ना, हे आधी पाहा

दोन आकडे जुळत नाहीत म्हटल्यावर लगेच S आणि P वर बोट ठेवू नका. सुरुवात सरासरीपासून करा. भागाकार n नं करा की n−१ नं, सरासरी हलत नाही. दोन्हीकडची सरासरी वेगळी असेल तर हा प्रश्न फंक्शनचा राहत नाही. दोन ठिकाणी डेटाच वेगळा वाचला जातोय.

सरासरी जुळली तर लहान प्रमाण विचलनाला मोठ्यानं भागून वर्ग करा. फरक फक्त फंक्शनचा असेल तर उत्तर (n−१)/n यायलाच हवं. वरच्या उदाहरणात १ भागिले १.०५४१, त्याचा वर्ग ०.९, आणि ९/१० म्हणजे ०.९. जुळलं, फॉर्मचे गठ्ठे सोडायची गरज नाही. हातातले आकडे दोनच दशांशांपर्यंत असतील तर थोडी तफावत राहील, म्हणून शक्यतो चार दशांश घेऊन बघा.

या तपासणीचा खरा उपयोग ती फसते तेव्हा होतो. दुसऱ्या एका विद्यार्थ्याचे साठ फॉर्म होते, त्याच्याकडे १.१२ आणि मित्राच्या लॅपटॉपवर १.३१. दोघांनी मिळून ठरवलं होतं की हा S-P चाच फरक. पण १.१२ भागिले १.३१ चा वर्ग ०.७३ येतो, आणि ५९/६० म्हणजे ०.९८. कुठंच मेळ नाही. सरासरी पाहिली तर एकीकडे ३.९०, दुसरीकडे ३.७७. दोन जणांनी तो प्रश्न सोडून दिला होता. एका फाइलमध्ये त्या जागा रिकाम्या होत्या, दुसरीत कुणीतरी शून्य भरलं होतं. एक ते पाचच्या मापावर शून्य हे उत्तरच नसतं, पण फंक्शनला ते कसं कळणार? दोन शून्यांनी प्रमाण विचलन एवढं फुगवलं.

म्हणून एक अंदाज मनात ठेवा. दहा उत्तरांवर S हे P पेक्षा साधारण पाच टक्क्यांनी मोठं येतं, चाळीसवर सव्वा टक्क्यानं, आणि चारशेवर जेमतेम ०.१२५ टक्क्यानं, म्हणजे १ च्या जागी १.००१. एक ते पाचच्या मापावरच्या चारशे फॉर्मच्या सर्व्हेत दोन आकड्यांमध्ये ०.०५ चा फरक दिसला तर तो S-P चा असूच शकत नाही. रिकाम्या जागा, शून्य, "लागू नाही" साठी टाकलेला ९९, किंवा मजकूर म्हणून बसलेला आकडा शोधा. शेवटचा प्रकार ओळखायला `=COUNT(B2:B61)` आणि `=COUNTA(B2:B61)` शेजारी शेजारी लिहा. दोन्ही वेगळे आले तर काही उत्तरं आकडे म्हणून मोजलीच जात नाहीयेत.

n−१ कशासाठी

हे न समजता "सर्व्हेला S घ्या" एवढं पाठ केलं तर तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला अडायला होतं. वर्गात मी हे तीन चिठ्ठ्यांवर दाखवतो, घरी करून बघायला पाच मिनिटं लागतात.

समजा आपली सगळी समष्टी, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं ते सगळे, तीनच माणसांची आहे आणि त्यांची उत्तरं १, ३, ५. सरासरी ३. फरकांचे वर्ग ४, ०, ४, बेरीज ८, इथे सगळे हाताशी आहेत म्हणून ३ नं भागायचं. विचरण २.६७. हे खरं उत्तर, पण आपल्याला ते माहीत नाही असं धरू. तिन्ही चिठ्ठ्या पेल्यात टाका, एक काढा, वाचा, परत टाका, पुन्हा एक काढा. दोनचा नमुना झाला. असे नऊ प्रकारचे नमुने निघू शकतात.

१-१, ३-३ आणि ५-५ या तीन जोड्यांत फरक शून्य. १-३ ची जोडी दोन क्रमांनी येते. तिची स्वतःची सरासरी २, वर्गांची बेरीज २. ३-५ चं तसंच, बेरीज २. १-५ ची सरासरी ३, वर्गांची बेरीज ८, तीही दोन क्रमांनी. नऊच्या नऊ नमुन्यांतल्या बेरजा एकत्र केल्या की २४ होतात.

आता प्रत्येक नमुन्यात n नं, म्हणजे २ नं भागलं तर नऊ विचरणांची सरासरी १.३३ येते. खऱ्या २.६७ च्या बरोबर निम्मी. n−१ नं, म्हणजे १ नं भागलं तर २४ भागिले ९, म्हणजे २.६७. नेमकं खरं उत्तर.

n नं भागल्यावर कमी का पडतं, ते १-३ च्या जोडीकडे पाहिलं की डोळ्यांना दिसतं. खरी सरासरी ३ होती, पण नमुन्याला ती माहीत नाही. तो स्वतःची सरासरी २ धरून अंतर मोजतो, आणि स्वतःची सरासरी तर नेहमी आपल्याच आकड्यांच्या मधोमध बसते. ३ पासून मोजलं असतं तर वर्गांची बेरीज ४ आली असती, २ पासून मोजल्यावर २ च आली. नमुना कुठलाही घ्या, स्वतःच्या सरासरीपासून मोजलेली बेरीज खऱ्या सरासरीपासून मोजलेल्या बेरजेपेक्षा मोठी कधीच होत नाही. ती तूट n−१ नं भागून सरासरीनं भरून निघते. या दुरुस्तीला बेसेलचं नाव आहे, फ्रीडरिश बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाचं.

एक मर्यादा इथेच सांगतो, कारण परीक्षक कधीकधी ती विचारतात. n−१ नं बरोबर होतं ते विचरण. त्याचं वर्गमूळ काढल्यावर मिळणारं प्रमाण विचलन सरासरीनं अजूनही थोडं कमीच राहतं. वरच्या नऊ नमुन्यांत n−१ धरून प्रमाण विचलनांची सरासरी १.२६ येते, आणि खरं १.६३ आहे. नमुना मोठा होत गेला की ही तूट विरते. त्यामुळे अहवालात "STDEV.S मुळे प्रमाण विचलन निःपक्षपाती मिळाले" असं लिहू नका, विचरणाबद्दल तसं म्हणता येतं.

निवड कशी करायची

आता त्या मुलीच्या उत्तराकडे. "यादीतल्या सगळ्यांना विचारलं" हे खरं होतं, पण यादी कुणी केली? तिनंच. शीर्षकात काय होतं? "कोल्हापुरी चप्पल कारागिरांच्या आर्थिक अडचणी". निष्कर्ष त्या दहा जणांपुरता ठेवायचा होता का? नाही. मग ते दहा जण नमुनाच झाले.

मी विद्यार्थ्यांना एकच वाक्य लिहायला लावतो: "माझा निष्कर्ष ... यांच्याबद्दल आहे." गाळलेल्या जागेत जे येतं ती तुमची समष्टी. त्या जागेतल्या प्रत्येकाचं उत्तर तुमच्या शीटमध्ये असेल तर STDEV.P. एकाचं जरी राहिलं असेल तर STDEV.S. फॉर्म किती आहेत यावर हे ठरत नाही. हजार फॉर्मही नमुना असू शकतात आणि सात जणही पूर्ण समष्टी असू शकतात.

समष्टीला बरेच जण लोकसंख्या म्हणतात, आणि त्यानं घोटाळा वाढतो. समष्टी माणसांचीच असते असं नाही. एका दुकानातल्या वर्षभराच्या ऑर्डरी हीसुद्धा समष्टी होऊ शकते.

तिला ती गाळलेली जागा भरायला लावली तेव्हा अर्धा तास गेला, आणि तो वेळ अगदी सत्कारणी लागला. कोल्हापुरी चप्पल म्हणजे नक्की कुठली? २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. शीर्षक जसंच्या तसं ठेवलं तर वाचणारा म्हणेल, निपाणीकडचे कारागीर कुठं आहेत? शेवटी तिनं "कोल्हापूर शहरातील" हे शब्द घातले. समष्टी लहान झाली, पण दहा जण म्हणजे सगळं शहर नव्हेच. फंक्शन STDEV.S च राहिलं.

STDEV.P बरोबर कधी? राजारामपुरीतल्या एका अपार्टमेंटचं उदाहरण घ्या. चाळीस फ्लॅट, पाण्याची वेळ बदलायची का यावर एक ते पाचमध्ये मत घेतलं, चाळीसही घरांची उत्तरं आली, आणि निर्णय त्याच इमारतीपुरता. इथे अंदाज करायला कुणी बाहेर उरलंच नाही. मतं किती विखुरली आहेत हे थेट मोजायचं आहे, म्हणून P. तोच कॉलम उचलून कुणी "राजारामपुरीतील रहिवाशांचे मत" असा लेख लिहायला घेतला तर त्या क्षणी ते चाळीस जण नमुना होतात.

आणि चाळीसपैकी एकतीसच घरांनी उत्तर दिलं तर? विचारलं सगळ्यांना, पण हातात सगळे नाहीत. S घ्या. मात्र इथे सावध राहा. S च्या मागचा हिशोब यादृच्छिक नमुन्याचा आहे, आपण वर चिठ्ठ्या काढल्या तसा. ज्या नऊ घरांनी फॉर्म परत दिला नाही ती कदाचित पाण्यावर सर्वात जास्त चिडलेली असतील, किंवा त्यांना काहीच फरक पडत नसेल. ती तूट n−१ भरून काढत नाही. ओळखीच्या दहा कारागिरांकडे जाऊन भरलेल्या फॉर्मचंही तेच. फंक्शन S च, पण नमुना कसा निवडला हे अहवालात स्पष्ट लिहायचं. फंक्शन बदलून तो दोष झाकता येत नाही.

"बारापैकी दहा जणांना विचारलं, जवळजवळ सगळेच झाले, तरी S च का?" असंही विचारतात. प्रमाण विचलनासाठी हो, S च. "जवळजवळ सगळे" याचा फायदा मिळतो तो सरासरीच्या प्रमाण त्रुटीत. आपल्या आकड्यांवर प्रमाण त्रुटी १.०५४१ भागिले √१०, म्हणजे ०.३३. समष्टी बाराचीच असेल तर तिला √(१ − १०/१२) नं गुणायचं, ती ०.१४ वर येते. S च्या जागी P टाकून हा परिणाम मिळत नाही.

सर्वात महाग पडणारी चूक: अर्धं S, अर्धं P

१.०० आणि १.०५ मधला फरक तक्त्यात सहसा कुणाचं वाकडं करत नाही. नुकसान होतं ते दोन्ही मिसळल्यावर, आणि सर्व्हेत ते हमखास घडतं क्रॉनबाख अल्फा काढताना. प्रश्नावली विश्वसनीय आहे का हे पाहायला प्रत्येक प्रश्नाचं विचरण आणि एकूण गुणांचं विचरण लागतं, k म्हणजे प्रश्नांची संख्या:

```
alpha = k/(k-1) * (1 - (प्रश्नांच्या विचरणांची बेरीज)/(एकूण गुणांचं विचरण))
```

त्या मुलीचे प्रश्न पाच, कारागीर दहा. `VAR.S` नं पाच विचरणांची बेरीज ६ आणि एकूण गुणांचं विचरण १५ येत होतं. अल्फा १.२५ × (१ − ०.४) = ०.७५. सगळीकडे `VAR.P` वापरलं असतं तर ५.४ आणि १३.५, भागाकार पुन्हा ०.४, अल्फा पुन्हा ०.७५. दोन्हीकडे तोच भाजक असला की तो कटतो.

तिनं प्रश्नांना `VAR.S` लावलं होतं आणि शेवटच्या कॉलमला `VAR.P`. ६ भागिले १३.५ म्हणजे ०.४४, आणि अल्फा ०.६९. ०.७० ही रूढ सीमा पाळणाऱ्या गाईडनं प्रश्नावली बदलायला सांगितली असती, आणि दोष प्रश्नावलीत नव्हताच. उलटं मिसळलं असतं तर ०.८० येऊन खोटं समाधान मिळालं असतं. म्हणून अल्फा हातानं काढत असाल तर शीटमधलं प्रत्येक सूत्र उघडून शेवटचं अक्षर वाचा. एक कॉलम पुढे ओढताना आणि एक नव्यानं टाइप करताना ही गफलत होते.

कुठलं साधन मुकाट्यानं काय करतं

एसपीएसएसचं डिस्क्रिप्टिव्ह आणि आर मधलं `sd()` n−१ नं भागतात. एक्सेलच्या पिव्होट टेबलात `StdDev` म्हणजे नमुना, `StdDevp` म्हणजे समष्टी. यादीत दोन्ही एकाखाली एक असल्यानं चुकून खालचं निवडलं जातं. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर σx हे n वालं, sx हे n−१ वालं. पायथन वापरणाऱ्यांना सर्वात जास्त चकवा बसतो, कारण एकाच फाइलमध्ये दोन लायब्ररी दोन उत्तरं देतात:

```
np.std(a)           # 1.0      n ने भागतं
pd.Series(a).std()  # 1.0541   n-1 ने भागतं
np.std(a, ddof=1)   # 1.0541
```

`ddof` नेहमी स्वतः लिहा, दोन्हीकडे.

मूळ फॉर्म हाताशी नसतील आणि एकच आकडा दुसऱ्यात बदलायचा असेल तर P ला √(n/(n−१)) नं गुणलं की S मिळतं. n मात्र त्या प्रश्नाला खरोखर आलेल्या उत्तरांचा घ्या, एकूण फॉर्मचा नको.

तिच्या अहवालात तक्त्याखाली आता ही ओळ आहे: "प्रमाण विचलन नमुन्यावरून, n−१ ने भागून; n = १०; कारागीर सोयीनुसार निवडलेले, कोल्हापूर शहर." मॅडमनी तक्ता मान्य केला, आणि मुख्य सर्व्हेसाठी कारागिरांची यादी कुठून मिळवणार, हा पुढचा प्रश्न समासात लिहून परत पाठवला.